पार्टनरचा एक्स, बेस्ट फ्रेंड आणि आपला संशय : मनातली असुरक्षितता आणि खरी शंका वेगळी कशी ओळखायची?

रात्रीचे साडेबारा वाजलेत. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करून एक मुलगा रूमवर आलाय. ताट झाकून ठेवलंय, पण त्याच्या हातात मोबाईल आहे. त्याची गर्लफ्रेंड ९० किलोमीटरवर, सुरगाण्यात राहते आणि पोलीस भरतीची तयारी करते. तिचं इन्स्टाग्राम खाली खाली स्क्रोल करत तो दोन वर्षांपूर्वीच्या एका फोटोवर येऊन थांबतो. गावच्या बोहाड्याची रात्र आहे, मागे सोंगं नाचतायत, ती हसतेय आणि तिच्या शेजारी तिचा कॉलेजमधला बॉयफ्रेंड उभा आहे.

हा फोटो त्याने आधीही पाहिलाय. त्या मुलाबद्दल तिने स्वतःहून सांगितलंय. ते नातं संपलं त्यानंतर वर्षभराने हे दोघं भेटले, हेही त्याला माहीत आहे. तरी पोटात खड्डा पडतो. तो मेसेज टाकतो, "झोपलीस का?" एकच टिक येते. मग डोकं सुरू होतं. रेंज गेली असेल, की फोन बंद केला असेल? बंद केला असेल तर का?

हे जोडपं आपण उदाहरणासाठी घेतलंय, ते खरं नाही. पण अशी रात्र तुमच्यापैकी अनेकांनी काढली असेल. कुणी फोन हातात घेऊन काढली असेल, कुणी समोरच्याच्या प्रश्नांना उत्तरं देत. आणि दोन्ही बाजूंना शेवटी एकच प्रश्न पडतो. मी उगाच संशय घेतोय, की खरंच काहीतरी आहे?

या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी शोधता येतं. फक्त त्यासाठी योग्य जागी बघावं लागतं.

मत्सराचे तीन भाग

सुरुवात मत्सर म्हणजे काय इथून करू. फायफर आणि वाँग या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली नात्यातला मत्सर मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. त्यात त्यांनी मत्सराचे तीन भाग केले होते. पहिला विचार, म्हणजे "तिचं त्याच्याशी काहीतरी चालू असेल." दुसरा भावना, म्हणजे पोटात पडणारा खड्डा, राग, भीती. आणि तिसरा वर्तन, म्हणजे फोन तपासणं, उलटतपासणी घेणं, अचानक जाऊन धडकणं.

हे तीन वेगळे का करायचे? कारण पहिल्या दोन गोष्टी आपण ठरवून करत नाही. फोटो दिसला आणि पोटात खड्डा पडला, यात कुणाचा गुन्हा नाही. तिसरी गोष्ट मात्र आपण करतो. आणि बहुतेक नाती पहिल्या दोनमुळे नाही, तिसरीमुळे खराब होतात.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. आपल्या उदाहरणातल्या मुलाला दोन गोष्टी छळतायत. एक म्हणजे तिचा एक्स, जो भूतकाळात आहे. याला 'रेट्रोॲक्टिव्ह जेलसी' म्हणतात, म्हणजे पार्टनरच्या भूतकाळाबद्दलचा मत्सर. दुसरी म्हणजे तिचा भरतीच्या ग्रुपमधला मित्र. तो रोज पहाटे तिच्यासोबत मैदानावर धावतो, तिचं टायमिंग लावतो, गोळाफेकीची प्रॅक्टिस घेतो. तो आज, आत्ता तिच्या आयुष्यात आहे. त्रास सारखाच होतो, पण या दोन्हींची तपासणी वेगळी करावी लागते.

शंभर वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉट

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. गोविंद बल्लाळ देवल यांचं 'संगीत संशयकल्लोळ' हे नाटक १९१६ साली रंगभूमीवर आलं. त्याचं मूळ मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या कॉमेडीत आहे. नाटकात सगळा गोंधळ एका तसबिरीवरून होतो. अश्विनशेठची तसबीर रेवतीकडे असते. ती रस्त्यात पडते, हातोहात फिरते आणि ज्याच्या हातात जाते किंवा ज्याच्या नजरेस पडते, तो आपापला अर्थ लावतो. फाल्गुनरावाला बायकोचा संशय, बायको कृत्तिकेला फाल्गुनरावाचा संशय, आणि अश्विनशेठला रेवतीचा.

प्रेक्षक हसतात, कारण त्यांना सगळी गोष्ट माहीत असते. पात्रांना फक्त एक तुकडा दिसलेला असतो. गंमत म्हणजे यातलं कुणीही खोटी वस्तू पाहत नाही. तसबीर खरी आहे, ती भलत्या हातात आहे हेही खरं. खोटं आहे ते त्या वस्तूवरून काढलेलं अनुमान.

आज तसबिरीच्या जागी स्क्रीनशॉट आलाय. लाईक, टॅग, 'लास्ट सीन', एक टिक, रात्री उशिरा दिसलेला हिरवा ठिपका. सगळे खरे तुकडे, पण तुकडेच. त्यात सुरगाण्यासारख्या तालुक्यात एक टिक येण्याचं सगळ्यात साधं कारण रेंज हेच असतं. एखाद्या पाड्यावर मुक्कामाला गेलं की फोन करायला टेकडीवर चढावं लागतं, हे तिथल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

म्हणून पहिली तपासणी ही. वहीचं एक पान घ्या आणि मध्ये रेघ मारा. डावीकडे फक्त ते लिहा जे तुम्ही पाहिलंय किंवा ऐकलंय, कॅमेऱ्यात पकडता येईल असं. उजवीकडे त्यावरून तुम्ही काय मानलं ते लिहा. आपल्या मुलाचं पान साधारण असं दिसेल :

- पाहिलं : दोन वर्षांपूर्वीचा फोटो तिने डिलीट केलेला नाही. मानलं : तिच्या मनात तो अजून आहे.
- पाहिलं : मेसेजला एकच टिक. मानलं : तिने मुद्दाम फोन बंद केलाय.
- पाहिलं : भरतीच्या ग्रुपमधला मित्र तिच्या प्रत्येक स्टोरीला रिप्लाय देतो. मानलं : त्याला ती आवडते, आणि तिलाही ते आवडतं.

आता डावी बाजू एकटी वाचा. जुना फोटो, एक टिक, एका मित्राचे रिप्लाय. ही बाजू त्रयस्थ माणसाला दाखवली तर तो म्हणेल, "मग?" जिथे डावी बाजू रिकामी आणि उजवी भरलेली असते, तिथे बहुतेक वेळा आपली असुरक्षितता बोलत असते. डावीकडेच वजनदार गोष्टी असतील, तर प्रकरण वेगळं आहे. त्याकडे पुढे येऊ.

उत्तर मिळाल्यावर किती वेळ शांत वाटतं?

दुसरी तपासणी भूतकाळाच्या मत्सरासाठी जास्त उपयोगाची आहे.

समजा, त्याने विचारलं, "तुझं त्याच्यावर खरंच प्रेम होतं का?" ती म्हणाली, "होतं तेव्हा. आता नाही." त्याला बरं वाटलं. पण तासाभराने नवा प्रश्न उगवला, "तुम्ही कुठे कुठे फिरलात?" ती म्हणाली, "सापुताऱ्याला गेलो होतो एकदा." आता त्याच्या डोक्यात सापुताऱ्याचा सिनेमा सुरू. मग पुढचा प्रश्न, "त्याच्यासोबत जास्त मजा यायची की माझ्यासोबत?"

खऱ्या शंकेला उत्तर मिळालं की ती शमते. "काल फोन का उचलला नाहीस?" "आजी आजारी होती, दवाखान्यात होते." विषय संपला. असुरक्षिततेला मात्र उत्तर पुरत नाही. प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाचं बियाणं बनतं.

हे असं का होतं? कारण तो माहिती मागत नसतो, खात्री मागत असतो. आणि "मी तुला पुरेसा आहे का" याची खात्री तिच्या जुन्या नात्याच्या तपशिलात सापडूच शकत नाही. शिवाय विचारल्यावर थोडा वेळ हलकं वाटतं, म्हणून मेंदू ती सवय धरतो. बेचैनी, प्रश्न, तात्पुरता आराम, पुन्हा बेचैनी. ओसीडी या आजारात वारंवार कुलूप तपासण्याचं चक्र असंच चालतं. त्यामुळे तिथे उपचार करताना कुलूप तपासू न देता ती बेचैनी आपोआप उतरू देण्याचा सराव करून घेतात. भूतकाळाच्या मत्सरातही हीच युक्ती चालते. प्रश्न ओठांवर आला की लगेच विचारायचा नाही. लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचा. बहुतेक प्रश्न सकाळी विचारावेसे वाटत नाहीत.

सोशल मीडिया या चक्राला खतपाणी घालतं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या एमी म्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ३०८ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. जे फेसबुकवर जास्त वेळ घालवत होते, त्यांच्यात फेसबुकमुळे येणारा मत्सरही जास्त दिसला. म्हणजे फेसबुकमुळेच मत्सर होतो असं त्यातून सिद्ध होत नाही. पण संशोधकांचा अंदाज होता की हे फिरतं चक्र असावं. मत्सर वाटतो म्हणून माणूस प्रोफाईल पाहतो, तिथे अर्धवट काहीतरी दिसतं, त्यामुळे मत्सर वाढतो, म्हणून तो पुन्हा पाहतो.

पण खोटं सापडलं तर?

आता आपली गोष्ट थोडी पुढे नेऊ, कारण खरी गुंतागुंत इथे आहे.

एका रविवारी ती नाशिकला टेस्ट सिरीजचा पेपर द्यायला येते. त्याला सांगते, "मैत्रिणीसोबत एसटीने आले." दोन दिवसांनी त्याचा एक मित्र सहज बोलून जातो, "वहिनी दिसल्या होत्या वणीला, चहाच्या टपरीवर. बाईकवर होत्या कुणाच्या तरी." ती बाईक भरतीच्या ग्रुपमधल्या त्याच मित्राची होती.

आता पानाची डावी बाजू रिकामी नाही. तिने खोटं सांगितलं, ही घडलेली गोष्ट आहे. "तू फार इनसिक्युअर आहेस" असं म्हणून ती झटकून टाकता येणार नाही.

पण इथेच थांबून विचारायला हवं, की खोटं नेमकं कशाबद्दल होतं? दोन शक्यता आहेत. एक, ती नातं लपवत होती. दुसरी, ती त्याचा राग टाळत होती. गेल्या वेळी त्या मित्राचं नुसतं नाव निघालं तर तीन दिवस अबोला झाला होता. सकाळची एसटी चुकली, पेपर सुटू नये म्हणून ती बाईकवर बसली, आणि पुन्हा तमाशा नको म्हणून एसटीचं सांगितलं.

या दोन शक्यता वेगळ्या करायला मोबाईलचा पासवर्ड लागत नाही. त्याने शांतपणे सांगितलं, "मला कळलं तू बाईकवर आलीस. मला बाईकचं नाही, खोट्याचं वाईट वाटलं," तर ती पुढे काय करते हे पाहायचं. तिने मान्य केलं, कारण सांगितलं, आणि पुढच्या वेळी खरं सांगितल्यावर त्यानेही तमाशा केला नाही, तर प्रश्न बाईकचा नव्हता, भीतीचा होता. खोटं तिचं होतं, पण त्या खोट्याला जागा करून देण्यात त्याच्या उलटतपासणीचाही हात होता. दोघांनाही काहीतरी बदलावं लागेल.

पण तिने आधी नाकारलं, पुरावा दिल्यावर गोष्ट बदलली, मग उलट त्यालाच "तू माझ्यावर पाळत ठेवतोस" म्हणाली आणि महिन्याभरात असंच दुसरं खोटं निघालं, तर ती असुरक्षितता नाही. ती खरी शंका आहे.

खरी शंका कशी दिसते?

खऱ्या शंकेला तीन खुणा असतात. पहिली, ती आजच्या वागण्याबद्दल असते. दोन वर्षांपूर्वी कोण होतं याबद्दल नसते. दुसरी, ती दोघांनी मिळून ठरवलेल्या एखाद्या गोष्टीशी जोडलेली असते. "एक्सशी बोलणं झालं तर एकमेकांना सांगायचं" असं दोघांनी ठरवलं असेल आणि चोरून बोलणं चालू असेल, तर शब्द मोडलाय. पण हा नियम त्याने मनातल्या मनात बनवला असेल आणि तिला कधी सांगितलाच नसेल, तर तिने तो मोडला असं म्हणता येत नाही.

तिसरी खूण आहे लपवाछपवीची दिशा. नात्यांवर काम केलेल्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास यांनी यासाठी खिडक्या आणि भिंतींची उपमा वापरली. दोन माणसांच्या नात्यात आपापसांत खिडकी उघडी असते आणि बाहेरच्यांसाठी काही बाबतीत भिंत असते. मैत्रीचं रूपांतर दुसऱ्या कशात होऊ लागतं तेव्हा ही रचना उलटी होते. घरातल्या भांडणाची गोष्ट मित्राला सगळी माहीत, आणि मित्राशी काय बोलणं होतं ते पार्टनरला काहीच माहीत नाही.

त्यामुळे मित्र मुलगा आहे की मुलगी, रोज भेटतो की महिन्यातून एकदा, हे विचारून फार काही कळत नाही. खिडकी कुठे आहे आणि भिंत कुठे, हे विचारा. ती मित्राबद्दल मोकळेपणी बोलते का? तुम्ही मैदानावर गेलात तर तुम्हाला त्याची ओळख करून देते का? असं असेल तर पहाटे पाचला सोबत धावणं ही पोलीस भरतीच आहे.

मग बोलायचं कसं?

दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा.

"तो फोटो आत्ताच्या आत्ता डिलीट कर आणि त्या ग्रुपमधून बाहेर पड."

"तो फोटो पाहिला की मला वाटतं, मी तुला कमी पडतो. हे तुझ्यामुळे नाही, पण वाटतं. पेपरला येशील तेव्हा आपण एक तास भेटू शकतो का?"

पहिलं वाक्य तिच्या आयुष्यातलं काहीतरी काढून घेतं. दुसरं वाक्य नात्यात काहीतरी मागतं. फोटो डिलीट झाला तरी पहिल्या मुलाची बेचैनी जात नाही, कारण पुढच्या आठवड्यात दुसरा फोटो सापडतो. दुसऱ्याला जे खरंच कमी पडत होतं, म्हणजे भेट आणि वेळ, ते मिळण्याची शक्यता तरी तयार होते.

ज्याच्यावर संशय घेतला जातोय, त्याच्यासाठीही एक गोष्ट. एकदा स्पष्ट, खरं उत्तर देणं हे तुमचं काम आहे. तोच प्रश्न दहाव्यांदा आला तर "याचं उत्तर मी दिलंय, आता पुन्हा देणार नाही. पण तुला त्रास होतोय हे दिसतंय, त्यावर बोलू" असं म्हणता येतं. जुन्या नात्याचा प्रत्येक तपशील सांगण्याची जबाबदारी कुणावरही नसते. अपवाद अशा गोष्टींचा, ज्यांचा आजच्या नात्यावर थेट परिणाम होतो. आधीचं लग्न, मूल, कर्ज, लैंगिक आजार, किंवा एक्सकडून अजूनही येणाऱ्या धमक्या.

संशय धोकादायक केव्हा होतो?

'संशयकल्लोळ' लिहिणाऱ्या देवलांनीच शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' हे नाटकही लिहिलं होतं. विषय तोच, एका वस्तूवरून घेतलेला संशय. पण ऑथेल्लोच्या कथेत शेवटी नवरा निरपराध बायकोचा जीव घेतो. एकाच नाटककाराने संशयाची दोन्ही टोकं मराठी रंगभूमीवर आणली.

१९५५ साली टॉड आणि ड्यूहर्स्ट या डॉक्टरांनी एका विकाराला ऑथेल्लोचंच नाव दिलं, 'ऑथेल्लो सिंड्रोम'. यात पार्टनर बेइमान आहे अशी माणसाची पक्की खात्री असते आणि कुठल्याही पुराव्याने ती हलत नाही. दारूच्या दीर्घ व्यसनासोबत हे बऱ्याचदा दिसतं. इथे समजूत घालून उपयोग होत नाही, मनोविकारतज्ज्ञच लागतात. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाईनवर १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं. भूतकाळाच्या विचारांनी झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तरीही हा फोन करता येतो.

आणि आजार असो वा नसो, काही वागणूक ही सरळ धोक्याची खूण आहे. पासवर्ड मागणं, दर तासाला लोकेशन मागणं, मैत्रिणी तोडायला लावणं, कपड्यांवरून भांडण, "त्याच्याशी बोललीस तर बघ" अशी धमकी, जुने फोटो व्हायरल करण्याची भीती, अंगावर हात टाकणं. याला 'फार प्रेम करतो म्हणून' असं म्हणत घरचेही पांघरूण घालतात. कायदा तसं मानत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार एखाद्या महिलेच्या इंटरनेट किंवा फोनवरच्या संवादावर पाळत ठेवणं हा स्टॉकिंगचा गुन्हा आहे आणि पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही येतो, आणि लग्न न करता लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या महिलेलाही त्याचं संरक्षण आहे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर आहेत.

परत त्या रूमवर येऊ. सकाळी सात वाजता त्याच्या मेसेजला दोन टिक येतात. पाठोपाठ तिचा रिप्लाय, "पाड्यावर होते रे, रेंज नव्हती. आज ८०० मीटरला टायमिंग सुधारलं." आता त्याच्याकडे दोन पर्याय आहेत. "कोणासोबत धावलीस?" किंवा "किती आलं टायमिंग?"

कालची रात्र कशी गेली हे त्याच्या हातात नव्हतं. यापैकी कुठला मेसेज टाईप करायचा, हे मात्र त्याच्याच हातात आहे.